भाची लग्न करून जर्मनीला निघालीय, 20,000 रुपयांत काय द्यावं?

प्रश्न: भाचीचं लग्न डिसेंबरात फोंड्याला आहे. जावई दोन वर्षांपासून जर्मनीत नोकरीला आहे, आता तिथंच नवीन भाड्याचं घर घेतलंय. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत भाची जाणार. आम्ही तिघी मावश्या मिळून 20,000 रुपये घालणार, त्याच्या वर एक पैसा नाही. आमची आई म्हणते मोठी पितळी समई द्या, मी म्हणते भांड्यांचा सेट, धाकटी म्हणते सरळ पाकीट द्या आणि मोकळ्या व्हा. तिघींचं जमेना. काय द्यावं?

उत्तर:

ताई, माझं भांड्यांचं दुकान आहे आणि लग्नसराईत आहेराच्या ऑर्डरी बांधण्यातच आमचे तीन-चार महिने जातात. हल्ली त्यातला बराच आहेर समुद्रापलीकडे जाणाऱ्यांसाठी असतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या हातात एक नव्हे, दोन बजेटं आहेत. एक 20,000 रुपयांचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं किलोंचं, आणि ते भाचीचं आहे. बहुतेक आहेर रुपयांत नीट बसतो आणि किलोंत फसतो. मग तो माहेरच्या माळ्यावर जातो आणि दर चवथीला कोणीतरी पुसून परत ठेवतो.

म्हणून दुकानात यायच्या आधी भाचीला तिकिटाचं विचारा. जर्मनीच्या तिकिटावर साधारण 23 किलोंची एक बॅग धरून चला, काही तिकिटांवर दोन मिळतात. गोव्यातून जाणाऱ्यांचा इथे एक खास घोटाळा होतो. मोपा किंवा दाबोळीहून मुंबईपर्यंतचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं, तर त्या टप्प्याला देशांतर्गत नियम लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी 15 किलोंचा असतो. पुढे 23 चालत असले तरी मोपाला आठ किलोंचे जादा पैसे मोजावे लागतात, नाहीतर बॅग तिथंच उघडून सामान मागे द्यावं लागतं. गोव्यापासून जर्मनीपर्यंत सगळं एकाच तिकिटावर असेल तर सहसा हा प्रश्न येत नाही. या 23 किलोंत तिचे थंडीचे कपडे, लग्नाच्या दोन-तीन साड्या, कागदपत्रं, आईने दिलेला मसाला आणि सासूने दिलेलं लोणचं बसवायचं आहे. तिघी मावश्यांच्या वाट्याला त्यातले सहा किलो आले तरी पुष्कळ झालं. तुमचं खरं बजेट मी 20,000 रुपये आणि 6 किलो असं धरतो.

कुरियरने मागाहून पाठवू, असं कोणी म्हणेल. जड वस्तूला कुरियरचा खर्च वस्तूच्या किमतीला येऊन भिडतो, वर तिथलं सीमाशुल्क. खासगी माणसाने खासगी माणसाला पाठवलेली भेट युरोपीय संघात 45 युरोपर्यंतच करमुक्त असते, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये. त्यावरच्या पार्सलला भाचीलाच तिथे कर भरून ते सोडवून घ्यावं लागेल.

आता तुमच्या भांड्यांच्या सेटबद्दल. स्पष्टच सांगतो, माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी: जर्मनीला जाणाऱ्यांना भांड्यांचा सेट देऊ नका. वजन हे एक कारण. दुसरं कारण तिथली शेगडी. जर्मनीत भाड्याच्या घरांत गॅस क्वचित असतो, वर काच असलेली विजेची सपाट शेगडी असते. ती दोन प्रकारची, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. एकीत काचेखाली तार तापून लाल होते. तिच्यावर कुठल्याही धातूचं भांडं चालतं, फक्त बूड सपाट हवं. दुसरी इंडक्शनची. तिच्यात लाली दिसत नाही, आणि लोहचुंबक चिकटेल असंच भांडं तिला चालतं. आपलं पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आणि चांगल्या प्रतीचं 304 स्टीलसुद्धा तिच्यावर मुकाट बसून राहतं, तापत नाही. 304 ला चुंबक चिकटत नाही, म्हणून गिऱ्हाईक ते भारी समजून घेतं, आणि तिथे नेमकं तेच अडतं. चांगल्या स्टीलच्या बुडाला खाली चुंबक धरणारा थर जोडलेला असेल तर चालतं. बुडाचा व्यासही बघावा लागतो. फोडणीची पळी किंवा एवढंसं पातेलं मोठ्या कड्यावर ठेवलं, तर शेगडीला ते भांडं वाटतच नाही. आपली गोल बुडाची काहील तर दोन्ही शेगड्यांवर डुगडुगते.

जावयाला एकच प्रश्न विचारा: शेगडी लाल होते की नाही? शक्य असेल तर स्वयंपाकघराचा फोटोही मागवा. कारण जर्मनीत भाड्याच्या घरात कित्येकदा स्वयंपाकघरच नसतं. भिंतीतून नळाची तोटी आणि विजेची जोडणी आलेली, बस्स. ओटा, कपाट, शेगडी, सिंक हे सगळं भाडेकरूने आणायचं, किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं. फोटोत नुसत्या भिंती दिसल्या, तर तुमच्या आहेराचा विचार तिथेच बदलतो, तो कसा ते पुढे येतं. आश्चर्याचा धक्का देण्याची हौस मात्र या वेळी सोडून द्या. गावातल्या गावात लग्न असतं तर दोनदा आलेला कुकर बदलून मिळतो. तिथून बदलायला कोणी येत नाही.

मग काय द्यावं? माझं उत्तर मिक्सर. वाटल्यास ते कंटाळवाणं म्हणा, पण त्यामागे कारण आहे. जर्मनीत कढया, तवे, सुऱ्या, ताटं सगळं मिळतं, पुष्कळदा स्वस्तात मिळतं. आपलं वाटप, म्हणजे ओल्या मसाल्याचं वाटण, करणारं यंत्र सहज मिळत नाही. तिथल्या दुकानांतले ब्लेंडर फळांचा रस आणि सूप यांसाठी केलेले असतात, उंच भांड्याचे. त्यांत मूठभर ओलं खोबरं, चार मिरच्या, थोडे धणे आणि चिंचेचा गोळा घातला की सगळं कडेला चिकटतं आणि पातं खाली रिकामंच फिरतं. हुमणाचं वाटप त्यात होत नाही. त्यासाठी रुंद बुडाचं, बुटकं स्टीलचं भांडं आणि कमी पाण्यात ओढ देणारी मोटर लागते, ती आपल्याच मिक्सरला असते. भारतीय वाणसामानाच्या दुकानांत तिथे मिळतो म्हणा, पण इथल्यापेक्षा बराच महाग.

विजेचा प्रश्न जर्मनीपुरता सुटलेला आहे. तिथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, आपल्यासारखंच. मिक्सरच्या बुडावरच्या पट्टीवर हे दोन आकडे वाचून घ्या. भाची अमेरिकेला जात असती, तर हाच मिक्सर मी तुम्हाला विकला नसता, कारण तिथे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. जवळच्या कोणी तिकडे जाणारी असेल आणि हे उत्तर तिला दाखवणार असाल, तर एवढं वाक्य खूण करून ठेवा.

अडचण पिनेची आहे. जर्मनीतल्या प्लगचं भोक आपल्या पिनेपेक्षा जरा बारीक आणि भिंतीतल्या गोल खळग्यात असतं. अर्थिंगसाठी तिसरं भोक नसतं, खळग्याच्या दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. विमानतळावर मिळतो तो स्वस्त, सगळ्या देशांचा म्हणून विकला जाणारा ॲडॅप्टर पुष्कळदा त्या पट्ट्यांना टेकतच नाही. मिक्सर चालतो, अर्थिंग मात्र मिळत नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून भारतीय तीन पिनांचं तोंड आणि जर्मन शुको प्लगचं टोक असलेला, बाजूंना धातूच्या पट्ट्या दिसणारा ॲडॅप्टर घ्या. हातात धरून बघितलं की फरक कळतो: गोल जाड टोक, दोन पिना आणि कडेला चकचकीत पट्टी. मिक्सरच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याचं आवरण दुहेरी असतं आणि त्याला अर्थिंगची गरज नसते. पण अशी खूण असलेला हवाच म्हणून दुकानं पालथी घालू नका. वायर कापून नवी पिन बसवायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा, वॉरंटी तिथेच संपते.

किती वॉटचा? दुकानात येणारा प्रत्येक पुरुष 750 वॉट मागतो. दोन माणसांच्या घराला 500 ते 600 पुरतो. नारळाचं वाटप, चटणी, सुका मसाला सगळं निघतं, आणि वजनात किलोभर वाचतं. रोज इडलीचे तांदूळ-उडीद वाटणारं घर असेल तर 750 बघा. वॉटपेक्षा छोट्या चटणीच्या भांड्याकडे लक्ष द्या. झाकण घट्ट बसतं का, पातं बुडाला अगदी जवळून फिरतं का, भांडं जागेवर बसवलं की खिळखिळ होते का, हे पाहा. मोठं दीड लिटरचं भांडं ती वर्षातून चारदा वापरेल. तीन भांड्यांचा पुरे. फळांच्या रसासाठी चौथं प्लॅस्टिकचं उंच भांडं असतं, तेवढं वजन दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगतो. मिक्सर लग्नाच्या आधी महिनाभर घ्या आणि भाचीच्या घरी वापरायला काढा. नवी वस्तू वापरून द्यायची म्हणजे तुमच्या आईला पटणार नाही, मला माहीत आहे. पण मोटरमधला दोष असलाच, तर तो बहुधा पहिल्या पंधरवड्यातच दिसतो: जळका वास येतो, भांडं गळतं, आवाज बदलतो. इथे असेल तर दुकानदार बदलून देतो. तिथे गेल्यावर वॉरंटीचा कागद नुसता कागद. रोज एक नारळ खोवून वाटायला सांगा. वाटप दोन बोटांत चोळून बघायचं, रवाळ लागलं तर भांडं बदलून घ्यायचं. मोटर तळाला हात लावून बघायची. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर परत आणा.

मिक्सरसोबत एक छोटी पुडी द्या, आणि ती त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडून त्याच मॉडेलची घ्या: दोन कपलर, प्रत्येक भांड्याची एक रबरी चकती आणि कार्बन ब्रशची एक जोडी. कपलर म्हणजे भांड्याच्या खाली मोटरवर बसणारं ते काळं दातेरी चाक. मिक्सरमध्ये सगळ्यांत आधी जातं ते हेच. इथे चाळीस-पन्नास रुपयांत मिळतं, आणि ते नाही म्हणून तिथे अख्खा मिक्सर कचऱ्यात जातो. जर्मनीत दुरुस्तीला माणूस बोलावला तर त्याची एका तासाची मजुरी इथल्या नव्या मिक्सरच्या आसपास जाते. आणखी एक गोष्ट तोंडी सांगून ठेवा. मिक्सरच्या बुडाला एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की मोटर आपोआप बंद पडते. दहा मिनिटं थांबून, भांड्यातलं थोडं कमी करून ते बटण दाबलं की परत चालू. हे ठाऊक नसल्यामुळे धडधाकट मिक्सर टाकून दिलेले मला माहीत आहेत.

आणि हो, रविवारी आणि रात्री दहानंतर वाटण घालू नको म्हणावं. तिथे तो शांततेचा वेळ असतो आणि शेजारी तक्रार करतात. रविवारचं वाटप शनिवारी करून फ्रीजमध्ये ठेवायचं.

आता आईची समई. ती मोठी समई नको, पण समई हवी, असं माझं मत. आजीची इच्छा आहे म्हणून नुसतं नव्हे. परदेशात घर मांडल्यावर देवासमोर लावायला काही नाही ही रुखरुख सगळ्यांना पहिल्याच सणाला होते, आणि तिथे मिळणाऱ्या मेणबत्त्या ती भरून काढत नाहीत. फक्त ती फिरकीची घ्या: तळ, खांब, तेलाची वाटी आणि वरचं टोक असे भाग वेगळे होणारी. हातभर नको, वीतभर उंचीची, साधारण सव्वा किलोची. आटे लावून-काढून बघा. तीन-चार वेढे फिरले पाहिजेत आणि घट्ट बसल्यावर वरचं टोक धरून हलवलं तर खांब लचकता कामा नये. तळ पोकळ आहे की आत काही भरून जड केलाय तेही पाहा. नुसत्या वजनाचे पैसे देऊ नका, विमानात तर नाहीच नाही. शेगडीसाठी घेतलेला लोहचुंबक इथेही काढा. भांड्याला चिकटला तर चांगलं, समईला चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. चकाकीसाठी वर लाखेचा पातळ थर दिलेलीही नको, पहिल्याच ज्योतीला तो थर काळा पडून सोलतो.

डिचोलीच्या कारागिरांची पितळी समई मिळाली तर मी तीच घेईन. डिचोली या कामासाठी जुनीच नावाजलेली. तिथली घडण जराशी ओबडधोबड वाटेल, पण आटे नीट असतील तर ती समई नातवंडांपर्यंत टिकते. भाचीला एवढं सांगा की छतावरच्या धूरसूचक यंत्राच्या बरोबर खाली लावू नको. जर्मनीत घराघरांत ते यंत्र कायद्याने बसवलेलं असतं. समईच्या ज्योतीला ते सहसा ओरडत नाही, उदबत्त्यांच्या जुडग्याला ओरडतं.

समई बांधताना एक धोका असतो, तो बायकांच्या प्रेमातून येतो. कोणीतरी समईच्या पुडीत ओटीचं सुकं खोबरं घालतं, कोणी कापराची डबी, कोणी काडेपेटी. या तिन्ही वस्तू विमानाच्या सामानात चालत नाहीत. सुकं खोबरं तेलकट असतं आणि ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंच्या यादीत धरलेलं आहे. क्ष-किरणात दिसलं की बॅग बाजूला काढतात आणि मुलगी आत विमानात बसलेली असताना तिच्या नावाचा पुकारा होतो. घरचं तूप आणि दुधाचे पेढेही घालू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने सोबत नेणं तिथे बंद आहे. तुळशीचं रोप आणि बियांच्या पुड्याही तशाच, वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. दळलेला मसाला चालतो, तर खोल्याच्या मिरचीची पूड द्या की भरपूर.

तिसरी वस्तू कापडाची. पलंगाच्या चादरी आहेरात सगळेच देतात, म्हणून त्यांचं गणित सांगून टाकतो. जर्मन दुहेरी पलंग बहुधा 180 बाय 200 सेंटिमीटरचा, त्यावर पुष्कळदा 90-90 च्या दोन गाद्या. आपली दुहेरी चादर साधारण 90 बाय 108 इंच, म्हणजे 229 बाय 274 सेंटिमीटर. ती त्या पलंगावर पसरते, बाजूंना वीतभर खाली येते. म्हणजे चादर चालेल. पण सोबतचे उशांचे अभ्रे फुकट, कारण तिथली उशी 80 बाय 80 सेंटिमीटरची चौकोनी असते आणि आपला अभ्रा लांबट. पांघरूणही तिथे दोघांना एक नसतं, प्रत्येकाला वेगळं आणि खोळ घातलेलं. सोलापुरी चादरी, रजया, मऊ गुबगुबीत ब्लँकेटं हे सगळं बॅग खातं आणि तिथल्या हीटर लावलेल्या घरात कपाटात पडून राहतं.

त्याऐवजी कुणबी विणीचा, लाल-पांढऱ्या चौकड्यांचा सुती टेबलक्लॉथ किंवा लांब पट्टी घ्या. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी ही वीण पुन्हा लोकांसमोर आणली, त्यामुळे आता ती साडीशिवाय इतर रूपांतही मिळते. हातमागाची आहे ना, ते उलट बाजू बघून ठरवा. चौकडा दोन्हीकडून सारखाच उठून दिसला तर विणलेला, मागून फिका दिसला तर छापलेला. पहिली धुलाई थंड पाण्यात आणि वेगळी, असं सांगून ठेवा, कारण तिथल्या मशीनमध्ये सवयीने 60 अंशावर धुतात आणि लाल रंग पांढऱ्यात उतरतो. वजन चारशे ग्रॅम, आणि हे टेबल गोव्याचं आहे हे भिंतीवरच्या फ्रेमपेक्षा त्यावरून जास्त चांगलं कळतं. काचेच्या फ्रेमा, घड्याळं, काचेचे डिनर सेट यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

कुकर मी मुद्दाम वगळलाय. जावई दोन वर्षं तिथे एकटा राहिलाय, म्हणजे त्याच्याकडे कुकर असणारच. नसला तर डाळ-भात कसा खातो ते त्याला विचारा. नसेलच, तर इंडक्शनचं बूड असलेला तीन लिटरचा घ्या, पण मग सव्वादोन किलो वाढले आणि समई गाळली तरी सहा किलोंत बसणार नाही.

आता हिशेब. चांगल्या कंपनीचा 500 ते 600 वॉटचा मिक्सर साधारण 4,300. सुट्या भागांची पुडी आणि दोन शुको ॲडॅप्टर मिळून 900. समई 1,900. कुणबी कापड 1,900. झाले 9,000. वजन: मिक्सर भांड्यांसह आणि खोक्याशिवाय 3.6 किलो, पुडी 0.3, समई 1.2, कापड 0.4. एकूण साडेपाच किलो. दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतील, पण मेळ बसतो.

उरले 11,000. इथे तुमच्या धाकट्या बहिणीचं बरोबर आहे. त्यात एक रुपया घालून 11,001 करा. तुमचा एक पैसाही वर नाही हा नियम त्या रुपयापुरता मोडा. जर्मनीत नवीन घर घेताना अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत रक्कम घरमालकाला मागता येते, आणि तो बहुधा तेवढी मागतोच. वर मी म्हटलं ते स्वयंपाकघर. आणि दिवे! भाडेकरू घर सोडताना छताचे दिवेसुद्धा काढून नेतो. खोलीच्या मध्यभागी छतातून दोन वायरी लोंबत असतात आणि नवीन जोडपं पहिले काही दिवस मोबाइलच्या उजेडात काढतं. 11,001 म्हणजे सध्या साधारण 110 युरो. त्यात दोन खोल्यांचे साधे दिवे आणि कपडे वाळत घालायचा स्टँड सहज येतो. फोटोत नुसत्या भिंती दिसल्या, तर कापड आणि समई ठेवून मिक्सरचे पैसेही मी या रकमेत घातले असते आणि मिक्सर नंतर कोणी जाणाऱ्याबरोबर पाठवला असता, कारण ओटा नसेल तर तो ठेवायचा कुठे?

पैसे पाकिटात देऊ नका. भारतातून जाताना माणशी 25,000 रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात, आणि इतर सगळ्यांची पाकिटं मिळून ती मर्यादा केव्हाच ओलांडते. तिथे त्या नोटा कोणी घेतही नाही. भाचीच्या इथल्या बँक खात्यात, ती इथे असतानाच भरा. लग्नानिमित्तच्या भेटीवर तिला आयकर लागत नाही. ती तिकडे राहायला गेली की हेच खातं अनिवासी, म्हणजे एनआरओ प्रकारात बदलून घ्यावं लागतं आणि त्यानंतर पैसे घालण्या-काढण्याचे नियम वेगळे होतात. शिवाय त्या नियमांत रुपयांची भेट देण्यासाठी ज्यांना जवळचे नातेवाईक म्हणतात, त्या यादीत मावशी नाही. म्हणून जायच्या आधी भरलं की हा सगळा गुंताच नको. तिकडच्या दुकानाचं भेटकार्ड द्यायचं मनात असेल, तर ते तिथल्याच संकेतस्थळावरून घ्यावं लागतं. इथे रुपयांत घेतलेलं कार्ड त्याच कंपनीच्या जर्मन दुकानात चालत नाही, आणि आपल्या कार्डाने युरोत पैसे भरले तर बँक वर काही टक्के घेते.

सीमाशुल्काचं थोडक्यात. विमानाने जाणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात 430 युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात. तुमच्या वस्तू 90 युरोच्या, पण बाकीचा आहेर आणि नवे दागिने मिळून आकडा वाढतो. लग्नानिमित्त तिकडे राहायला जाणाऱ्यासाठी वेगळी सवलत आहे: किमान 12 महिने संघाबाहेर राहिलेल्या व्यक्तीला लग्नाच्या भेटी, प्रत्येकी 1,000 युरोपर्यंत, करमुक्त नेता येतात, पण लग्नाच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत. ही सवलत भाचीला लागू होते, जावयाला नाही, कारण तो आधीच तिथे राहतो. म्हणून आहेर तिच्या बॅगेत आणि बिलं तिच्या हातात ठेवा, सोबत लग्नाचा दाखला. गोव्यात नोंदणीच्या सह्या बऱ्याचदा मांडवाच्या आधीच झालेल्या असतात, तेव्हा चार महिने दाखल्यावरच्या तारखेपासून मोजा. व्हिसाला वेळ लागला तर ते भरकन निघून जातात.

बांधायचं असं. मिक्सरचं खोकं आणि थर्माकोल इथेच ठेवा. मोटर जाड टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. भांडी एकात एक बसत नाहीत, म्हणून प्रत्येकात मोजे आणि सुती कापडं कोंबा, म्हणजे जागाही वाया जात नाही आणि पातंही हलत नाही. समईचे भाग सुटे करून कुणबी कापडात एकेक गुंडाळा, आणि ती बांधताना डबी-पुडी आत कोणी सरकवत नाही ना याकडे तुमच्यापैकी एकीने लक्ष ठेवा. पात्यांमुळे हे सगळं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही.

मांडवात हातात काय द्यायचं हा प्रश्न आई विचारणारच. मिक्सर तर तेव्हा वापरात असेल. तिथे समई द्या, आजीच्याच हातून.

आणि पुढे कधी तिकडच्या दुकानातून थेट त्यांच्या घरी काही पाठवायचं झालं, तर पत्त्यात फ्लॅट नंबर शोधू नका. जर्मनीत टपालवाला दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर लिहिलेलं आडनाव बघून पार्सल देतो. भाचीचं नाव त्या पेटीवर लागेपर्यंत जावयाचं आडनाव लिहा, नाहीतर पार्सल परत जातं.